कोयता निघण्याआधीची बैठक: पाळणा लांबवण्याच्या साधनांवर आशाताईंचं एक सत्र

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात ऑक्टोबर उजाडला की बायकांच्या बैठका घ्यायला फार दिवस उरत नाहीत. मुकादमाची उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाईही जाते आणि अंगावरचं पोरही जातं. अशाच एका गावात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बचत गटाच्या मासिक बैठकीला जोडून आशा स्वयंसेविकेने पाळणा लांबवण्याच्या साधनांवर सत्र घेतलं. त्याचा हा अभ्यास आहे. गाव आणि माणसं प्रातिनिधिक आहेत. साधनं, वेळापत्रकं आणि नियम मात्र सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात आहेत तेच.

सत्राचा नेहमीचा साचा ठरलेला असतो. भिंतीवर तक्ता लावायचा आणि निरोधपासून सुरुवात करून एकेका साधनाचे फायदे-तोटे सांगत शेवटी नसबंदीपर्यंत यायचं. अर्ध्या तासात सगळं सांगून होतं, माना डोलतात, चहा येतो. या गावात आधीच्या वर्षी असंच झालं होतं आणि पुढे कुणी काही घ्यायला आलं नव्हतं. या वेळी गटप्रवर्तकाने आशाताईंना क्रम उलटा करायला सुचवलं: साधनापासून सुरू करू नका, बाईच्या आजच्या स्थितीपासून करा. बाळ किती महिन्यांचं आहे, अंगावर पाजता का, पाळी आली का, आणि पुढचे सहा महिने तुम्ही कुठे असणार. ही चार उत्तरं मिळाली की सहा-सात साधनांपैकी निम्मी आपोआप गळतात, आणि उरलेल्यांतून निवड करणं बाईला जमतं.

चौथा प्रश्न कुठल्याच तक्त्यावर नसतो. ऊसतोडीच्या गावात तोच सगळ्यात जड ठरतो.

मांडणी

गटात अकरा जणी होत्या. दोन-तीन सासवा आणि एक माहेरवाशीण धरून अंगणवाडीत चौदा-पंधरा बायका जमल्या. आशाताईंनी पिशवीतून नमुने काढून सतरंजीवर मांडले: निरोधची पाकिटं, माला-एन आणि छाया या गोळ्यांच्या पट्ट्या, तातडीची गोळी, तांबीचा नमुना, अंतरा इंजेक्शनचं कोरं कार्ड आणि निश्चय हा गरोदरपण तपासणीचा संच. हाताळायला दिलं की बायका बोलायला लागतात, हे खरंच आहे. तांबी हातात घेतल्यावर एका मावशींच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "एवढीशीच हाय व्हय? मला वाटलं वाटीएवढी आसंल."

त्याआधी आशाताईंनी एक गोष्ट स्पष्ट केली होती. इथे कुणी कोणतं साधन घेणार ते विचारणार नाही, हात वर करायला लावणार नाही. पुढचे दोन दिवस त्या दुपारी अंगणवाडीतच बसतील, ज्यांना यायचं त्यांनी एकेकटं यावं. सासूसमोर सून काय विचारणार? गटात समजून घ्यायचं आणि निवड एकांतात करायची, अशी विभागणी केली नाही तर सत्र म्हणजे नुसतं पाठांतर होतं.

"पाळीच नाही, मग दिवस कसे जातील?"

पहिला प्रश्न अडीच महिन्यांच्या बाळाच्या आईचा होता, आणि खरं तर तो प्रश्न नव्हता. तिने ठामपणे सांगितलं की बाळ अंगावर पितंय, पाळी आलेली नाही, तेव्हा सध्या तिला कशाची गरज नाही.

या समजुतीत अर्धं सत्य आहे, म्हणून ती नुसती 'चूक' म्हणून उडवून लावता येत नाही. अंगावर पाजण्याने दिवस राहण्यापासून संरक्षण मिळतं, पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, बाळंतपणानंतर पाळी आलेली नको, आणि बाळ फक्त आईच्या दुधावर हवं, म्हणजे वरचं दूध, पाणी, घुटी काहीही नाही. पाजण्यात दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये.

आशाताईंनी तिला फडावरचा दिवस सांगायला लावला. पहाटे चारला कोपीतून, म्हणजे राहायच्या झोपडीतून निघायचं, बाळ मोठ्या मुलीजवळ किंवा फडाच्या कडेला झोळीत, ऊस तोडून मोळ्या बांधायच्या, मग गाडी भरायची, आणि गाडी कधी येईल त्याचा नेम नाही. "मग मधी बाळाला काय देतीस?" "पाणी... न्हाईतर शेळीचं दूध." तिसरी अट तिथेच मोडली. गावात असताना जे संरक्षण होतं ते कारखान्यावर पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच संपणार होतं.

दुसरी गोष्ट आशाताईंनी हळू आवाजात, पण दोनदा सांगितली. बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात. तसं झालं तर 'पाळी आली नाही' म्हणत बाई चार-चार महिने निर्धास्त राहते आणि पोट दिसायला लागल्यावर कळतं. हे ऐकल्यावर दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. गावात तशी उदाहरणं होती.

या बाईपुढे काय उरलं? माला-एन नाही. त्यातल्या २८ गोळ्यांपैकी २१ संप्रेरकाच्या असतात आणि उरलेल्या ७ लोहाच्या. त्यातल्या एका संप्रेरकामुळे दूध कमी होऊ शकतं, म्हणून पाजणाऱ्या आईला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती देत नाहीत. तिच्या जावेने आपली उरलेली माला-एनची पट्टी तिला देऊ केली होती, हे याच वेळी बाहेर आलं. छाया चालते. अंतरा बाळंतपणाला सहा आठवडे झाले की चालते, आणि तिचे दहा होऊन गेले होते. तांबीही सहा आठवड्यांनंतर बसवता येते. निरोध केव्हाही.

कडवट अनुभव मध्येच उठून बोलतो

अंतराचं नाव निघताच मागे बसलेली एक जण म्हणाली, "ती सुई नका सांगू ताई. माझा कोठा बिघडला त्यानं."

आदल्या वर्षी तिने निघण्याआधी एक इंजेक्शन घेतलं होतं. कारखान्यावर गेल्यावर तीन आठवडे थोडं थोडं अंगावरून जात राहिलं. कामात खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून ती जवळच्या खासगी दवाखान्यात गेली. तिथे सोनोग्राफी झाली आणि पिशवी काढून टाकायचा सल्ला मिळाला. पैसे नव्हते म्हणून वाचली. पुढचं इंजेक्शन तिने घेतलं नाही. मग अंगावरून जायचं थांबलं, पण पाळीही कित्येक महिने आली नाही, आणि ती कायमची वांझ झाली असं सासरी बोललं जाऊ लागलं.

बैठकीत असा अनुभव आला की बहुतेक कार्यकर्त्या घाबरून विषय बदलतात किंवा "तसं काही नसतं" म्हणतात. दोन्हींनी साधन गावातून कायमचं जातं. आशाताईंनी तिला पुढे बोलावून बसवलं आणि तीन गोष्टी विचारल्या. दिवसाला किती कापडं बदलावी लागायची? गाठी पडत होत्या का? चक्कर किंवा धाप? उत्तरं आली: एखादंच कापड, तेही पुरतं भिजत नसे, गाठी नाहीत, चक्कर नाही.

मग त्यांनी सर्वांना सांगितलं की तिला जे झालं ते अंतरा घेणाऱ्या पुष्कळ बायकांना पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतं. इंजेक्शनमधलं संप्रेरक बीज सुटू देत नाही आणि पिशवीच्या आतलं अस्तर पातळ करतं. सुरुवातीला ते पातळ अस्तर मधूनच थोडं थोडं सुटतं, म्हणून डाग दिसतात. पुढे अस्तर वाढतच नाही, म्हणून पाळीच थांबते. वर्षभर इंजेक्शन घेणाऱ्या बऱ्याच जणींची पाळी बंद असते. एका सासूबाईंनी लगेच शंका काढली की मग ते वाईट रक्त पोटात साचत असेल. साचत नाही, कारण साचायला तिथे काही तयारच होत नाही, एवढंच उत्तर आशाताईंनी दिलं, आणि ते पुरलं.

काळजी कधी करायची, तेही ठरवून दिलं. नेहमीच्या पाळीच्या दुप्पट अंगावरून जात असेल किंवा जोराचा रक्तस्राव आठ दिवसांहून जास्त चालला तर सरकारी दवाखान्यात दाखवायचं. कापड तासा-दोन तासांत पुरतं भिजत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी जायचं. तिथे डॉक्टर रक्त तपासतात, दिवस राहिले नाहीत ना ते बघतात, थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी स्राव आटोक्यात आणतात. गरज वाटली तर साधन बदलून देतात. अंतरामुळे पडणाऱ्या डागांवर पिशवी काढणं हा उपचार नाही.

हे वाक्य बीडमध्ये वेगळ्या वजनाने बोलावं लागतं. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. खाड्याचा दंड, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. अशा ठिकाणी रोजचे डागसुद्धा बाईला नकोसे होतात, आणि नको तो सल्ला पटकन पटतो. अंतरा देताना 'डाग पडतील' हे आधी न सांगणं इथे इतर ठिकाणांपेक्षा महाग पडतं.

वांझपणाच्या बोलण्यावरही हिशोब मांडला गेला. शेवटच्या इंजेक्शनपासून पुन्हा दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. ज्या बाईला वर्षाच्या आत मूल हवंय, तिने अंतरा घेऊच नये. तिला निरोध किंवा गोळ्या सोयीच्या. आशाताईंनी तारखा मोजून दाखवल्यावर कळलं की त्या बाईची पाळी दोन महिन्यांपूर्वीच परत सुरू झाली होती. तिने ते बैठकीत सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एकटी आली तेव्हा सांगितलं.

तारखांचं गणित: अंतरा

अडीच महिन्यांच्या बाळाच्या आईने अंतरा निवडलं. तिला रोज लक्षात ठेवायची गोष्ट नको होती, आणि कोपीत गोळ्यांची पट्टी लपवायला जागा नसते हेही कारण होतं.

पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी तपासल्यावरच मिळतो. रक्तदाब मोजतात, काविळीसारखा यकृताचा आजार, स्तनातली गाठ, पक्षाघात, आणि कारण न कळलेला रक्तस्राव यांची विचारपूस होते. पुढचे डोस आरोग्यसेविका देऊ शकते. एका कुपीत १५० मिलिग्रॅम औषध असतं, टोचण्याआधी ती हलवून घ्यावी लागते, नाहीतर औषध तळाला बसलेलं राहतं आणि डोस अपुरा जातो. इंजेक्शन दंडात, कुल्ल्यावर किंवा मांडीत खोल देतात. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. हा मुद्दा आशाताईंनी मुद्दाम ताणला, कारण इंजेक्शननंतर जागा चोळणं आणि रात्री दंड शेकणं ही घरोघरची सवय आहे. त्याने औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरायचं ते आधीच संपू शकतं.

पुढचा डोस तेरा आठवड्यांनी. आठवडे पूर्ण असल्यामुळे वार तोच येतो. बुधवारी घेतलेली सुई बुधवारीच येणार. तारीख चुकली तरी वारावरून पडताळा घेता येतो, हे बायकांना आवडलं.

तिची सुई बुधवार, ८ ऑक्टोबरला झाली. दुसरी बुधवार, ७ जानेवारीला येत होती, म्हणजे ऐन गळीत हंगामात. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत ती घेता येते, म्हणजे २४ डिसेंबर ते ४ फेब्रुवारी. तिसरी ८ एप्रिलच्या आसपास, तेव्हा ती गावात परतलेली असणार. थोडक्यात, पूर्ण हंगामात परक्या ठिकाणी एकच डोस घ्यावा लागणार होता. हे गणित कागदावर आल्यावर तिच्या नवऱ्याची हरकत मावळली; त्याला वाटलं होतं की दर महिन्याला खाडा पडणार.

आशाताईंनी कार्डावर तीन तारखा लिहिल्या: नेमकी, सगळ्यात लवकरची आणि सगळ्यात उशिराची. छापील कार्डावर नेमकी तारीखच लिहायची पद्धत आहे, पण स्थलांतर करणाऱ्या बाईला उरलेल्या दोन जास्त उपयोगी पडतात. ४ फेब्रुवारी उलटली तर काय, तेही सांगितलं. सुई मिळते, पण आधी दिवस राहिले नाहीत याची खात्री करावी लागते आणि नंतर सात दिवस निरोध वापरावा लागतो.

गोळ्यांचं गणित: छाया

दुसरी होती चौदा महिन्यांच्या मुलाची आई. तिला सुईची भीती होती आणि मूल अजून दोन वर्षांनी हवं होतं. तिने छाया निवडली.

छायामध्ये संप्रेरक नसतं. औषधाचं नाव सेंटक्रोमॅन, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं, एका गोळीत ३० मिलिग्रॅम. दूध कमी होत नाही, मळमळ क्वचित. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो सोमवार असेल तर सोमवार-गुरुवार, बुधवार असेल तर बुधवार-शनिवार, आणि तीन महिने झाले की पहिला वार तेवढा ठेवायचा, दुसरा सोडायचा. पाळी पुन्हा कधी येते त्याच्याशी पुढच्या वारांचा काही संबंध नाही. प्रत्येक पाळीला नव्याने सुरुवात करणं ही इथली सर्रास चूक. दुसरी चूक माला-एनची सवय असलेल्या बायका करतात, त्या छाया रोज घेतात. पट्टी एका आठवड्यात संपते आणि मग त्या 'गोळ्या संपल्या' म्हणून थांबतात.

ज्यांना यकृताचा आजार किंवा नुकतीच कावीळ झालेली आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, क्षयाचे उपचार चालू आहेत किंवा अंडाशयात गाठींमुळे पाळी बिघडलेली आहे, त्यांना छाया देत नाहीत. छायाने काहींची पाळी लांबते. पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर निश्चय संचाने तपासायचं. लांबणं हा गोळीचा परिणाम असतो, पण ते गृहीत धरायचं नाही.

आता पुरवठा. सहा महिन्यांचे आठवडे सव्वीस. पहिल्या तेरा आठवड्यांना दोन गोळ्यांप्रमाणे सव्वीस, पुढच्या तेरांना एकेक म्हणजे तेरा, एकूण एकोणचाळीस. आठ गोळ्यांच्या पट्टीने पाच पट्ट्या. हे गणित इतकं सोपं आहे, पण उपकेंद्रात सवय महिन्याला एक-दोन पट्ट्या द्यायची असते. तिथे त्या दिवशी तीनच शिल्लक होत्या. म्हणजे चोवीस गोळ्या, बारा आठवडे. उरलेल्या दोन कारखान्याजवळच्या केंद्रातून घ्यायच्या ठरल्या आणि तोवर हाताशी असावीत म्हणून निरोधची पाकिटं दिली गेली.

गोळी विसरली तर काय, याची आशाताईंनी बोटांवर उजळणी घेतली. एखाद-दोन दिवसांत किंवा सात दिवसांच्या आत आठवली तर आठवेल तेव्हा घ्यायची, ठरलेले वार चालू ठेवायचे आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांच्या पुढे गेलं तर सगळं पहिल्यापासून: पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा.

तांबी, आणि मोळीची भीती

तिसरी गरोदर होती, नववा महिना लागलेला. ती जाणार नव्हती. सासूजवळ राहून बाळंतपण इथेच होणार होतं. तिला तांबीबद्दल एकच विचारायचं होतं. पुढच्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढताना तांबी निसटेल का?

ओझ्याने तांबी निसटत नाही. ती निसटते पिशवीच्या आकुंचनाने, आणि तेही बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत. बाळंतपणानंतर लगेच बसवली तर निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी तपासून घ्यायचं असतं. दोऱ्याचं टोक जास्त लांब वाटलं, कडक टोक हाताला लागलं किंवा नवऱ्याला टोचलं, तर ती खाली सरकली असं समजून यायचं. तांबी पोटातून छातीकडे जाते ही जुनी भीती निघालीच. नमुना आणि पिशवीचं चित्र शेजारी ठेवून ती बंद पिशवी आहे एवढं दाखवलं.

तांबीची खरी अडचण वेळेची असते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर मग सहा आठवडे थांबावं लागतं. मधल्या काळात बसवत नाहीत. ४८ तास म्हणजे बाई दवाखान्यात असते तोच काळ, आणि कळा चालू असताना संमती विचारणं योग्य नाही. म्हणून निर्णय आताच, तपासणीच्या वेळी होऊन कार्डावर नोंदला जायला हवा, आणि बाळंतपण जिथे होणार तिथे तांबी बसवायचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी आहे का ते आधी विचारायला हवं. बाळंतपणात जास्त रक्त गेलं, ताप आला किंवा पाणमोट फुटून १८ तासांहून जास्त वेळ गेला, तर त्या वेळी बसवत नाहीत, हेही तिला सांगून ठेवलं. नाहीतर 'सांगितलं एक आणि केलं एक' होतं.

सरकारी दवाखान्यात दोन प्रकार मिळतात, एक दहा वर्षांची आणि एक पाच वर्षांची. नको वाटेल त्या दिवशी काढता येते आणि लगेच दिवस राहू शकतात. पहिले तीन महिने पाळी जास्त जाते आणि पोटात दुखतं. ज्यांचं रक्त फारच कमी आहे त्यांच्यासाठी हा वाढलेला स्राव जड जातो, म्हणून आधी हिमोग्लोबिन बघायचं. तिचं आठच्या आत होतं. आशाताईंनी तिला तांबीपासून परावृत्त केलं नाही. लोहाच्या गोळ्यांचा विषय काढला आणि निवड डॉक्टरांच्या तपासणीवर सोडली.

तातडीच्या गोळीवर फार वेळ गेला नाही आणि जायलाही नको. निरोध फाटला किंवा साधनच नव्हतं तर ७२ तासांच्या आत एक गोळी, जितकी लवकर तितकी बरी. ती नेहमीचं साधन नाही आणि राहिलेले दिवस पाडतही नाही.

एप्रिलमध्ये नोंदवही

अंतरा घेतलेल्या बाईला डिसेंबरमध्ये डाग सुरू झाले. तिने आशाताईंना फोन केला, कापडं मोजून सांगितली, आणि दवाखान्यात गेलीच नाही. जायची गरजही नव्हती. दुसरी सुई मात्र सहज मिळाली नाही. कारखान्याजवळच्या केंद्रात पहिल्यांदा 'तुमच्या गावाला घ्या' असं ऐकावं लागलं. सरकारी केंद्रातली ही सेवा गावाच्या नावावर अडवायची नसते, पण नोंदवहीत नाव नसलेली बाई आली की असं होतं. कार्डामुळे काम झालं: पहिल्या डोसची तारीख, डॉक्टरांची सही आणि उशिराची तारीख त्यावर होती. सुई गुरुवार, १५ जानेवारीला मिळाली, आठ दिवस उशिरा, तरी मुदतीत. गावी आल्यावर आरोग्यसेविकेने जुन्याच हिशोबाने ८ एप्रिल धरली होती. नवी तारीख नेहमी प्रत्यक्ष टोचलेल्या दिवसापासून मोजायची असते, म्हणजे १६ एप्रिल, गुरुवार. इथे फरक दोन आठवड्यांच्या आतला असल्याने नुकसान झालं नाही. हाच फरक उलट्या दिशेने, दरवेळी थोडा थोडा साचत गेला की बाई मुदतीबाहेर जाते.

छायाचं बिघडलं, आणि जिथे बिघडणार असं ऑक्टोबरमध्येच दिसत होतं तिथेच. बाराव्या आठवड्यात गोळ्या संपल्या. जवळच्या केंद्रात छाया त्या वेळी नव्हती, मिळेपर्यंत बारा दिवस गेले. पाळी लांबली होती. निश्चय संचाने तपासल्यावर दिवस नसल्याचं दिसलं, आणि तिने नियमाप्रमाणे पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा सुरू केलं. मधल्या बारा दिवसांत निरोधची पाकिटं वापरली गेली. दिली होती म्हणून वापरली गेली.

तिसरीचं बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात झालं. रक्त कमी असल्याने तांबी त्या वेळी बसवली नाही. तिला छाया सुरू केली, आणि हिमोग्लोबिन वाढल्यावर तांबीसाठी बोलवायची नोंद आशाताईंच्या वहीत जून महिन्यासमोर आहे.

कोठा बिघडल्याचं सांगणारी बाई या हंगामात निरोध वापरत होती. पुढच्या बैठकीसाठी आशाताईंनी उपकेंद्राकडे मागणी नोंदवली आहे: निघणाऱ्या प्रत्येक छाया वापरणारीला पाच पट्ट्या, आणि ती मागणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पोहोचली पाहिजे, कारण दसऱ्यानंतर आलेला साठा घ्यायला गावात बायकाच नसतात.